बोनाफाइड, कॅरेक्टर की टीसी? कोणता दाखला कधी मागायचा आणि अर्जात काय लिहायचं

जून-जुलैत कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीपाशी दहा मिनिटं उभे राहा, एकच संवाद पुन्हा पुन्हा ऐकू येईल. "सर, दाखला हवाय." "कोणता?" "कॉलेजचा." "अहो, कॉलेजचाच देणार, पण कोणता?" मग मुलगा वडिलांना फोन लावतो, वडील बँकेतल्या कोणाला तरी विचारतात आणि तोवर जेवणाची सुट्टी होते. काही वर्षं मी असंच टेबल सांभाळलंय, त्यामुळे खिडकीच्या आतून हा गोंधळ कसा दिसतो ते सांगतो.

दाखल्याचं नाव पाठ करण्यापेक्षा तो कोण वाचणार आहे हे आधी बघावं. शैक्षणिक कर्ज देणाऱ्या बँकेला एवढंच कळायला हवं असतं की ही मुलगी आज खरंच या कॉलेजात शिकते का. पुढच्या कॉलेजला कळायला हवं असतं की तिने मागचं कॉलेज रीतसर सोडलं का. आणि भरती करणाऱ्याला हवं असतं की कॉलेजात असताना तिची वागणूक कशी होती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बोनाफाइड, दुसऱ्याचं टीसी, तिसऱ्याचं चारित्र्याचा दाखला. ज्याने कागद मागितलाय त्याला नेमका कोणता प्रश्न पडलाय हे तुम्हाला सांगता आलं, तर दाखल्याचं नाव चुकलं तरी क्लार्क सांभाळून घेतो.

सगळं निघतं जनरल रजिस्टरमधून

प्रत्येक शाळा-कॉलेजात एक जनरल रजिस्टर असतं. आता बरेच ठिकाणी ते संगणकावर गेलंय, पण रचना तीच आहे. एका विद्यार्थ्यासाठी एक ओळ. ओळीच्या सुरुवातीला रजिस्टर नंबर, आडनावापासून सुरू होणारं पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा किंवा कॉलेज, प्रवेशाची तारीख. ओळीच्या शेवटी आणखी काही रकाने असतात: कॉलेज सोडल्याची तारीख, सोडताना कोणता वर्ग, सोडण्याचं कारण, वर्तणूक, शेरा. तुम्ही शिकत असता तोवर हे शेवटचे रकाने कोरे असतात.

बोनाफाइड देताना क्लार्क या ओळीचा पहिला भाग बघतो आणि शेवटचे रकाने कोरे आहेत ना, याची खात्री करतो. टीसी देताना तो तेच कोरे रकाने भरतो. म्हणजे बोनाफाइडने रजिस्टरमध्ये काहीच बदलत नाही, टीसीने तुमची ओळ बंद होते. म्हणूनच बोनाफाइड वर्षातून चार वेळा मागितलं तरी कोणी हरकत घेत नाही, आणि टीसी मागितली की क्लार्क चष्म्यावरून बघून विचारतो, "नक्की ना?"

चारित्र्याचा दाखला या दोघांहून वेगळा. त्यात रजिस्टरमधली फारशी माहिती लागत नाही. 'माझ्या माहितीप्रमाणे या विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे' असं प्राचार्य स्वतःच्या सहीने म्हणतात.

बोनाफाइड: आज इथे शिकतो, एवढंच

बोनाफाइडचा मजकूर साधारण असा असतो: 'प्रमाणित करण्यात येते की, कु. अमुक ही या महाविद्यालयाची नियमित विद्यार्थिनी असून शैक्षणिक वर्ष २०२५-२६ मध्ये द्वितीय वर्ष वाणिज्य या वर्गात शिकत आहे. तिचा जनरल रजिस्टर नंबर अमुक, जन्मतारीख अमुक. हा दाखला अमुक कारणासाठी देण्यात येत आहे.' खाली तारीख, जावक क्रमांक, गोल शिक्का आणि प्राचार्यांची सही.

यातला शैक्षणिक वर्षाचा उल्लेख म्हणजे दाखल्याचा जीव. वर्ष संपलं की दाखला शिळा होतो. जूनमध्ये नेमका इथेच घोळ होतो. मुलाचा द्वितीय वर्षाचा निकाल लागायचाय, तृतीय वर्षाची फी भरलेली नाही, आणि बँक म्हणते चालू वर्षाचं बोनाफाइड आणा. नव्या वर्षात त्याचा प्रवेशच झालेला नसल्यामुळे क्लार्कला 'शिकत आहे' असं लिहिता येत नाही. आधी प्रवेश, मग बोनाफाइड. एटीकेटीत अडकून वर्ष वाया गेलेल्यांचंही तेच. त्या वर्षी कुठल्याही वर्गात नाव नसेल, तर वर्तमानकाळातला दाखला कोणी देणार नाही, कितीही विनवण्या करा.

पण भूतकाळातला मिळतो, आणि हे फार कमी मुलांना माहीत असतं. 'अमुक विद्यार्थी शैक्षणिक वर्ष २०२२-२३ ते २०२४-२५ या काळात या महाविद्यालयाचा नियमित विद्यार्थी होता' असा दाखला कॉलेज देऊ शकतं. नोकरीच्या ठिकाणी शिक्षणाचा कालावधी दाखवायचा असेल किंवा शिक्षण कोणत्या माध्यमातून झालं हे परदेशी विद्यापीठाला सांगायचं असेल, तर एवढ्यावर काम होतं. त्यासाठी टीसी काढायची गरज नाही. अर्जात फक्त 'होतो' किंवा 'होते' असा काळ स्पष्ट लिहायचा आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत तेही.

काही गोष्टी बोनाफाइडसारख्या वाटतात, पण त्यांचा कागद वेगळा असतो. मुंबईच्या लोकलच्या पाससाठी ऑफिस बोनाफाइड नव्हे, रेल्वेच्या सवलतीचा छापील फॉर्म भरून देतं. जात पडताळणीचा प्रस्ताव टाकताना साध्या बोनाफाइडवर भागत नाही, त्यासाठी समितीने ठरवलेल्या नमुन्यात प्राचार्यांचं पत्र लागतं. अशा कामासाठी कोरा नमुना प्रिंट काढून अर्जाला जोडलात, तर क्लार्कने साधं बोनाफाइड देऊन तुम्हाला हेलपाटा घालण्याची वेळ येत नाही.

अर्ज असा लिहा की क्लार्कला तो उतरवून घेता येईल

तुमचा अर्ज प्राचार्यांच्या नावे असला तरी तो वाचतो क्लार्क, आणि दाखला टाइप करताना त्याच्यासमोर तोच कागद असतो. अर्जात 'काही कारणास्तव' लिहिलंत तर दाखल्यातही 'काही कारणास्तव' येतं आणि बँक तो परत पाठवते. म्हणून दाखल्यात जे शब्द उमटायला हवेत तेच अर्जात लिहायचे.

आता एक प्रसंग घेऊ. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीला शैक्षणिक कर्ज हवंय. बँकेच्या अधिकाऱ्याने तोंडी सांगितलं, "कॉलेजचं बोनाफाइड आणा." तिने तेवढंच आणलं, तर अधिकारी म्हणणार, "यात फी कुठेय?" कर्ज देताना बँकेला अभ्यासक्रम किती वर्षांचा, त्यातली किती उरली आणि प्रत्येक वर्षी फी किती हे हवं असतं. नेहमीच्या बोनाफाइडच्या छापील नमुन्यात यातलं काहीच नसतं. म्हणून बँकेतच थांबून विचारायचं: दाखल्यात काय काय हवं, इंग्रजीत की मराठीत, आणि कोणाच्या नावे. मग अर्ज असा:

> दिनांक: …………
>
> प्रति,
> मा. प्राचार्य,
> ………… महाविद्यालय, …………
>
> विषय: शैक्षणिक कर्जासाठी फीच्या तपशिलासह बोनाफाइड दाखला मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> मी आपल्या महाविद्यालयात शैक्षणिक वर्ष २०२५-२६ मध्ये द्वितीय वर्ष वाणिज्य, तुकडी 'ब' या वर्गात शिकत आहे. माझा हजेरी क्रमांक ……, पीआरएन …………, जनरल रजिस्टर नंबर ………… असा आहे.
>
> मला ………… बँक, ………… शाखा येथे शैक्षणिक कर्जासाठी अर्ज करायचा आहे. त्यासाठी इंग्रजीत बोनाफाइड दाखला हवा आहे. दाखल्यात अभ्यासक्रमाचा एकूण कालावधी, मी सध्या कोणत्या वर्षात आहे, आणि द्वितीय व तृतीय वर्षाच्या फीचा वर्षनिहाय तपशील नमूद करावा, ही विनंती. दाखला 'शाखा व्यवस्थापक, ………… बँक' यांच्या नावे असावा.
>
> सोबत चालू वर्षाची फी पावती व ओळखपत्राची झेरॉक्स जोडली आहे.
>
> आपली विश्वासू विद्यार्थिनी,
> (सही)
> पूर्ण नाव, मोबाइल नंबर

यात कौतुकाचं, आर्जवाचं एकही वाक्य नाही हे लक्षात घ्या. 'मी अत्यंत गरीब कुटुंबातली असून आपण मायबाप' वगैरे लिहायची पद्धत होती. त्याने दाखला लवकर मिळत नाही, उलट रजिस्टर नंबर शोधायला क्लार्कला खालपर्यंत वाचावं लागतं. वर्ग आणि नंबर पहिल्या दोन ओळींतच द्या.

नाव मात्र रजिस्टरमध्ये आहे तसंच लिहा. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकदा शेवटी. समजा मुलीचं नाव आधारवर 'स्नेहा रमेश पाटील' आहे आणि कॉलेजात 'पाटील स्नेहा रमेशराव' नोंदलंय. क्रमाने काही बिघडत नाही, पण 'रमेश' आणि 'रमेशराव' यावरून बँक कागद अडवू शकते. अशा वेळी क्लार्कला 'आधारप्रमाणे लिहून द्या' म्हणण्यात अर्थ नाही, त्याला रजिस्टरबाहेरचं नाव लिहिता येत नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र बँकेलाच द्यावं लागतं, नाहीतर रजिस्टरमधली नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. ही दुरुस्ती शिकत असताना सोपी आणि कॉलेज सोडल्यावर किचकट असते. त्यामुळे असा फरक दिसला तर तो टीसी निघण्याआधी निस्तरलेला बरा.

चारित्र्याचा दाखला: कॉलेजचा, पोलिसांचा की सरपंचांचा?

कॉलेजचा चारित्र्याचा दाखला चार ओळींचा असतो: अमुक विद्यार्थी अमुक वर्षं इथे होता, माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे, आणि पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. एखादी शिस्तभंगाची कारवाई झालेली नसेल तर तो सहज मिळतो. खरं तर टीसीवरही 'वर्तणूक: चांगली' असा रकाना असतो, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी वेगळ्या दाखल्याची गरज पडत नाही. तरी शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की एक काढून ठेवावा. पाच वर्षांनी गेलात तर तुम्हाला ओळखणारे प्राचार्य बदललेले असतात, आणि नवे प्राचार्य न ओळखणाऱ्याच्या वागणुकीबद्दल लिहायला कचरतात, ते बरोबरच आहे.

अडचण होते ती कॉलेज, पोलीस आणि सरपंच या तिघांच्या दाखल्यांची सरमिसळ झाली की. सैन्यभरतीच्या जाहिरातीत शाळा-कॉलेजच्या प्रमुखांचा चारित्र्य दाखला वेगळा मागतात, आणि गावच्या सरपंचांचा किंवा नगरपालिकेचा फोटो लावलेला दाखला वेगळा. हा दुसरा सहा महिन्यांच्या आतला हवा अशी अट असते. कंपनी किंवा परदेशी वकिलात जेव्हा गुन्हा नसल्याचा पुरावा मागते, तेव्हा तो पोलिसांकडून घ्यायचा असतो. कॉलेज त्याबद्दल काहीच म्हणू शकत नाही, कारण प्राचार्यांना फक्त आवारातलं वागणं माहीत असतं. जाहिरातीतल्या त्या ओळीवर खूण करून तिची झेरॉक्स अर्जाला जोडा. अर्जाचा मुख्य भाग एवढाच:

> मी आपल्या महाविद्यालयात २०२२-२३ ते २०२४-२५ या काळात बी.कॉम.चे शिक्षण घेतले असून मे २०२५ मध्ये पदवी परीक्षा उत्तीर्ण झालो आहे. ………… भरतीसाठी शिक्षणसंस्थेच्या प्रमुखांचा चारित्र्य दाखला मागितला आहे. जाहिरातीतील संबंधित भागाची प्रत सोबत जोडली आहे. तरी मला माझ्या छायाचित्रासह, आजच्या तारखेचा चारित्र्य दाखला देण्यात यावा, ही विनंती.

छायाचित्र हवं असेल तर ते आधीच सांगायचं, कारण शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर यावा लागतो. दाखला तयार झाल्यावर घरी फोटो चिकटवला तर तो चालत नाही.

टीसी: रजिस्टरमधली ओळ बंद करणारा कागद

शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात याला शाळा सोडल्याचा दाखला किंवा एलसी म्हणतात, वरिष्ठ महाविद्यालयात कुठे एलसी, कुठे टीसी. काम एकच. यावर वरच्या बाजूला बहुतेकदा बारीक अक्षरांत एक सूचना असते, की हा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याशिवाय कोणीही यातली नोंद बदलू नये, बदलल्यास कारवाई होईल. ती शोभेसाठी नाही. महाराष्ट्रात हा कागद पुढे कायम उपयोगी पडतो. तहसीलच्या अधिवास दाखल्याला तो पुरावा म्हणून लागतो. जात पडताळणीत तर आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची जात आणि जन्मस्थळ शोधायला माणसं चाळीस मैलांवरच्या जिल्हा परिषद शाळेत जातात, कारण इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आणि अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा उपयोगी पडतो. आज तुमच्या टीसीवर जात किंवा जन्मस्थळाच्या रकान्यात जे लिहिलं जाईल ते तुमच्या नातवंडांपर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे दाखला हातात आला की खिडकीपासून हलायच्या आत शब्द न् शब्द वाचा.

टीसी मागणारे दोन प्रकारचे. एक, ज्यांचं शिक्षण पूर्ण झालंय. त्यांना धोका नाही, ओळ तशीही बंदच व्हायची होती. दुसरे, जे मध्येच कॉलेज बदलतायत. त्यांनी आधी नव्या कॉलेजकडून जागा असल्याचं आणि प्रवेश द्यायला तयार असल्याचं लेखी घ्यावं. जुन्या कॉलेजची टीसी एकदा निघाली आणि नव्या कॉलेजात प्रवेश फिसकटला, तर जुन्या कॉलेजात परत येणं हा तुमचा हक्क राहत नाही. ती जागा दुसऱ्याला गेलेली असू शकते.

पहिल्या प्रकारातला एक प्रवास शेवटपर्यंत पाहू. एका मुलाने कोल्हापुरातल्या कॉलेजातून बी.कॉम. केलं, म्हणजे विद्यापीठ शिवाजी. एम.कॉम.ला पुण्यात प्रवेश मिळाला, म्हणजे विद्यापीठ सावित्रीबाई फुले. पुण्याच्या कॉलेजने गुणपत्रिका बघून तात्पुरता प्रवेश दिला आणि टीसी व मायग्रेशन ठरावीक तारखेपर्यंत आणून देईन असं हमीपत्र लिहून घेतलं. टीसी देणार कोल्हापूरचं कॉलेज, मायग्रेशन देणार शिवाजी विद्यापीठ. विद्यापीठ बदललं नसतं, कोल्हापुरातच दुसऱ्या कॉलेजात गेला असता, तर मायग्रेशनची भानगडच नव्हती.

क्रम महत्त्वाचा. मायग्रेशनच्या अर्जाला बहुतेक ठिकाणी टीसीची प्रत मागतात, म्हणून आधी टीसी. आणि टीसीआधी नो ड्यूज. हा एक छापील कागद असतो, त्यावर ग्रंथालय, प्रयोगशाळा असेल तर ती, जिमखाना, वसतिगृह, एनसीसी आणि हिशेब विभाग यांच्या सह्या घ्यायच्या. मुलं साधारण ग्रंथालयापाशी अडकतात, कारण पहिल्या वर्षी घेतलेलं अर्थशास्त्राचं पुस्तक मित्राकडे असतं आणि मित्र सोलापुरात. पुस्तक हरवलं असेल तर त्याच आवृत्तीचं नवं किंवा किंमत अधिक दंड भरून सही मिळते. एनसीसीवाल्यांनी बूट आणि गणवेश परत केल्याची पावती आधीच सांभाळावी.

नो ड्यूज भरला की अर्ज:

> विषय: टीसी मिळण्याबाबत व अनामत रक्कम परत मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> मी आपल्या महाविद्यालयात जून २०२२ पासून शिकत होतो. माझा जनरल रजिस्टर नंबर ………… व पीआरएन ………… आहे. मे २०२५ मध्ये मी बी.कॉम. तृतीय वर्षाची परीक्षा उत्तीर्ण झालो.
>
> मला ………… महाविद्यालय, पुणे येथे एम.कॉम. प्रथम वर्षात प्रवेश मिळाला असून तेथे दि. ………… पर्यंत टीसी सादर करायची आहे. तरी मला टीसी देण्यात यावी. कॉलेज सोडण्याचे कारण 'बी.कॉम. उत्तीर्ण, पुढील शिक्षणासाठी' असे नोंदवावे, ही विनंती.
>
> तसेच प्रवेशाच्या वेळी भरलेली ग्रंथालय अनामत परत मिळावी. बँक खात्याचा तपशील सोबत आहे.
>
> सोबत: नो ड्यूज, गुणपत्रिकेची प्रत, मूळ ओळखपत्र, नव्या प्रवेशाच्या पत्राची प्रत, दाखल्याच्या शुल्काची पावती.

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. 'शिकत होतो' असा भूतकाळ, त्यामुळे क्लार्कला निकाल आणि सोडल्याची तारीख शोधायची आठवण होते. कारणाचे नेमके शब्द, कारण कारण दिलं नाही तर तिथे 'स्वेच्छेने' किंवा 'घरगुती अडचण' असं काहीही येतं आणि पुढे मुलाखतीत विचारणा होते. आणि नव्या कॉलेजची शेवटची तारीख. 'लवकरात लवकर द्यावी' या शब्दांना ऑफिसात काही किंमत नसते, तारखेला असते. अनामतीचा उल्लेख याच अर्जात केला तर बरं, कारण एकदा गाव सोडलं की त्या पैशासाठी कोणी परत येत नाही.

टीसी हातात आल्यावर पाहायचं ते असं: जन्मतारीख अंकी आणि अक्षरी एकच आहे का, आईचं नाव, जन्मस्थळाला तालुका-जिल्हा आहे का, शेवटचा वर्ग आणि निकाल, कारणाचा रकाना, प्राचार्यांची सही आणि शिक्का. खाडाखोड असेल तर त्यावर लहान सही असावी. नंतर चार रंगीत झेरॉक्स काढा, एक स्कॅन फोनमध्ये ठेवा, आणि मगच मूळ प्रत घेऊन पुढे निघा.

मूळ कागद ठेवून घेणं आणि टीसी अडवणं

नवं कॉलेज म्हणतं, मूळ कागद जमा करा. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परताव्याबद्दल आणि मूळ कागदपत्रांबद्दल एक अधिसूचना काढली. तिच्यानुसार प्रवेशाच्या वेळी मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला वगैरे विद्यार्थ्यासमोर तपासून लगेच परत द्यायचे आणि संस्थेने स्वसाक्षांकित प्रती ठेवायच्या. प्रत्यक्षात गुणपत्रिका परत मिळते, पण टीसीची मूळ प्रत अनेक कॉलेजं ठेवून घेतात आणि जाताना स्वतःची नवी टीसी देतात. निदान ती जमा केल्याची सही-शिक्क्याची पोच घ्या.

प्रवेश रद्द करताना मात्र हीच अधिसूचना खरोखर हातात असावी. कोणत्या दिवशी लेखी अर्ज दिला यावर परतावा ठरतो: प्रवेशाच्या अधिकृत शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी अर्ज दिला तर पूर्ण फी, फक्त प्रक्रिया शुल्क वजा. त्यानंतर टप्प्याटप्प्याने नव्वद, ऐंशी, पन्नास टक्के, आणि शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की शून्य. मधल्या काही वर्षांत आयोगाने याहून उदार तारखा जाहीर केल्या होत्या, म्हणून त्या वर्षाचं परिपत्रक बघावं. सीईटी सेलच्या प्रवेशफेरीतून गेलेल्यांचा प्रवेश त्या पोर्टलवरून आणि त्यांच्या नियमाने रद्द होतो. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, की तोंडी सांगितलेलं मोजलं जात नाही. "मी तर त्या मॅडमना जुलैतच सांगितलं होतं" याला अर्थ नाही, आवक शिक्क्याची तारीख हाच पुरावा.

म्हणून कुठलाही अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक ऑफिसात, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. क्लार्क शिक्का द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तोच अर्ज कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवायचा. विषयात नाव, वर्ग आणि रजिस्टर नंबर लिहायचा, मजकुरात सोबत पीडीएफ जोडलीय असं नमूद करायचं.

टीसी अडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शिष्यवृत्तीची रक्कम. महाडीबीटीवरचा अर्ज मंजूर झालेला असतो, सरकारकडून कॉलेजच्या वाट्याचे पैसे यायचे असतात, आणि ऑफिस म्हणतं तोवर फी भरा. इथे भांडणापेक्षा कागद कामाला येतो. पोर्टलवरच्या अर्जाच्या स्थितीची प्रिंट जोडून एक वाक्य लिहा: 'माझा शिष्यवृत्तीचा अर्ज क्रमांक ………… मंजूर असून रक्कम प्रलंबित आहे. सदर रक्कम जमा होताच महाविद्यालयाचा हिस्सा भरण्याची हमी मी या अर्जाद्वारे देत आहे. तरी टीसी रोखून ठेवू नये.' बहुतेक प्राचार्य हमीपत्रावर सही करतात. नाही केली तर विचारायचं की टीसी न देण्याचं कारण अर्जावर लेखी शेऱ्यात द्या. पुष्कळदा कारण लिहायची वेळ आली की टीसी निघते. तरीही नाही निघाली, तर तो शेरा असलेला कागद घेऊन विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. शिक्का-शेरा नसेल, तर तिथेही पहिला प्रश्न तोच येतो: अर्ज कधी दिला होता?

टीसी हरवली, तर दुसरी प्रत मिळते, पण ती वेगळ्या रस्त्याने. पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, आणि अर्जात आधीच्या टीसीचा क्रमांक व तारीख. वर लाल अक्षरांत 'द्वितीय प्रत' लिहिलेलं असतं. आधीचा क्रमांक माहीत नसेल, तर तो शोधायला ऑफिसला जुनं पुस्तक उघडावं लागतं, आणि प्रवेशाच्या हंगामात ते काम मागे पडतं. फोनमधल्या त्या स्कॅनवर हा क्रमांक असतो.